अनुभव धागा: मॅरेथॉनच्या तयारीसाठी ऑफिसकडे वेळेची सवलत मागताना तुम्ही काय लिहिलंत?

मिरामारची_पहाट

चवथ आटोपली की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे पहाटे मिरामार-दोनापावला रस्त्यावर दिसू लागतात, आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, "साहेबांना कसं सांगायचं?" म्हणून हा धागा. तुम्ही नेमकं काय लिहिलंत आणि उत्तर काय आलं, ते लिहा. नकार मिळाला असेल तर तोही लिहा.

सुरुवात मी करते. मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे. वेळ साडेआठ ते साडेपाच, पणजीहून कंपनीची बस साडेसातला. अर्ज लिहिण्याआधी मी धावण्याचं वेळापत्रक आणि बसची वेळ शेजारी ठेवून पाहिली. रविवारची लांब धाव सुट्टीतच होते. मंगळवार-गुरुवारचे आठ किलोमीटर पहाटे साडेपाचला निघालं तरी बसतात. अडत होता तो फक्त बुधवार, कारण त्या दिवशीचं अंतर डिसेंबरपर्यंत अठरावर जातं. किलोमीटरला सात मिनिटं धरली तर दोन तास सहा मिनिटं. पाचला सुरू केलं तरी सात वाजून जातात. मग आंघोळ, नाश्ता आणि बस जमत नाही. संध्याकाळ बघितली, पण ऑक्टोबरचा उकाडा आणि त्या रस्त्यावरची गाड्यांची रांग, दोन्ही नको वाटलं.

मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देते:

"सर, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमध्ये मी पूर्ण अंतर धावणार आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारपासून डिसेंबरच्या शेवटच्या बुधवारपर्यंत, फक्त बुधवारी, साडेआठऐवजी साडेनऊला येऊन साडेसहाला जाण्याची परवानगी हवी आहे. त्या दिवशी मी माझ्या गाडीने येईन. सकाळच्या पहिल्या तासात नमुने उतरवून घ्यायचं काम माझी सहकारी करेल आणि तिचं शुक्रवार संध्याकाळचं रिपोर्टिंग मी घेईन. आमचं तसं बोलणं झालं आहे. ऑडिटच्या आठवड्यात मी नेहमीच्या वेळेवर येईन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपण आढावा घेऊ. अडचण होत असेल तर सवलत तिथेच थांबवू."

सरांनी लगेच होकार दिला. खरी अडचण हजेरीच्या मशीनची होती. आमच्याकडे तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात. तोंडी "हो" त्या मशीनला कळत नाही. त्यामुळे तोच मेल एचआरला पाठवून बुधवारची वेळ सिस्टममध्ये बदलून घेतली. हे पहिल्या आठवड्याच्या आधीच करा.

फोंड्याचा_धावपटू

एवढं विनवायचं कशाला? नऊ तास भरले की कंपनीला बोलायचा अधिकारच नाही. मी मॅनेजरला फक्त कळवलं, "उद्यापासून दहाला येईन." तो काही बोलला नाही.

टाइम_ऑफिस

तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल, तिथे चाललं असेल. तास भरणं महत्त्वाचं, हे खरंच आहे. पण वेळ कधीची असावी हे ठरवायचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. मी कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळतो. शिफ्टच्या वेळा गेटजवळच्या फलकावर लावलेल्या असतात. ज्याचं नाव ज्या शिफ्टला, तो त्या वेळेबाहेर मशीनवर असता कामा नये. सुपरवायझर चांगला माणूस असला तरी त्याच्या हातात ते नसतं, उद्या अपघात झाला तर पहिला प्रश्न "हा इथे कसा?" हाच येणार.

म्हणून शिफ्टवाल्यांनी उशिरा येण्याची परवानगी मागूच नये, शिफ्टची अदलाबदल मागावी. आमच्या एका ऑपरेटरने लिहिलं होतं: "नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माझी रात्रपाळी अमुक सहकाऱ्याला आणि त्याची सकाळपाळी मला द्यावी, फेब्रुवारीत मी त्याच्या तेवढ्या रात्रपाळ्या करीन." खाली दोघांच्या सह्या. रजिस्टरला चिकटवून मोकळा झालो. दुसऱ्या माणसाची सही नसलेला अर्ज मात्र टेबलावर पडून राहतो, कारण मग माणूस मी शोधायचा असतो.

म्हापशेकर

माझ्या ऑफिसने गेल्या वर्षी टी-शर्ट दिले आणि एंट्रीची फी पण भरली! तुम्हीही मागून बघा. आणि सोमवारची रजा विसरू नका, जिना उतरता येत नाही.

मिरामारची_पहाट

दादा, प्रश्न तयारीच्या महिन्यांतल्या वेळेचा आहे. पण रजेचं बरं आठवलं. मुंबईत बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी एक्स्पोत जाऊन घ्यावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या पकडली तर शनिवारी सकाळी मुंबईत. म्हणजे शनिवार कामाचा असेल तर शनिवार-सोमवारची रजा वेगळ्या अर्जाने, आधीच. सवलतीच्या पत्रात रजा घुसडली की वाचणाऱ्याला सगळी मागणी मोठी वाटते.

कळंगुट_किचन

आमचं दुखणं निराळं. मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे. रविवार सुट्टीचा नसतोच, माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. त्यामुळे लांब धाव मंगळवारी. शेफला मी दोनच गोष्टी मागितल्या: मंगळवार हलवू नका आणि सोमवारी मला क्लोजिंग देऊ नका. रात्री साडेबाराला किचन पुसून घरी आलेला माणूस चारला उठून तीस किलोमीटर धावू शकत नाही, हे त्यांना समजवावं लागलं नाही.

उत्तर आलं, "वीस डिसेंबरपर्यंत दिलं. वीस ते दोन जानेवारी कुणालाच सुट्टीची खात्री नाही." आणि तिथेच घोळ आहे. शर्यत तिसऱ्या रविवारी, म्हणजे १५ ते २१ जानेवारीत कधीतरी. बहुतेक वेळापत्रकं शेवटची ३२ ची धाव तीन आठवडे आधी सांगतात. मोजून बघा, ती बरोबर नाताळ ते थर्टी-फर्स्टच्या मध्ये पडते! गोव्याच्या हॉटेलवाल्याने करायचं काय?

कदंब_पठार

मीही हॉटेलातच होतो आणि या शर्यतीची तयारी बऱ्याच सीझनमध्ये केली. ३२ ची धाव पंधरा-सोळा डिसेंबरच्या मंगळवारी उरकून घ्यायची. मग शर्यतीपर्यंत चार-पाच आठवडे उरतात. तेवढ्यात केलेली मेहनत वाया जात नाही, मात्र मध्ये काहीच लांब धावला नाहीत तर पाय विसरतात. म्हणून जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी २२ ते २४, आरामात. सीझनच्या दोन आठवड्यांत नुसते पाच-सहा किलोमीटर, दिवसाआड, जमेल तेव्हा. त्या दिवसांत दहा-बारा तास उभं राहून पोटऱ्या आधीच भरलेल्या असतात. पायऱ्या उतरताना गुडघ्याखाली ओढल्यासारखं झालं तर त्या दिवशी धावूच नका.

शेफला अर्ज देताना हे वेळापत्रकच जोडा, आणि वीस ते दोन या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहा: "पूर्ण उपलब्ध." माझा अर्ज त्या एका ओळीवर पास झाला होता.

टाइम_ऑफिस

ही ओळ माझ्याही टेबलावर चालली असती.

कळंगुट_किचन

पण माझ्या ग्रुपमधला कोच म्हणतो की पाच आठवडे म्हणजे फार लवकर. जानेवारीच्या पहिल्या मंगळवारीच २८ कर, म्हणतो.

कदंब_पठार

शर्यतीला दोन आठवडे उरलेले, त्यात सीझनचा थकवा. मी करणार नाही. पण तुमचं वय, तुमचे पाय मी पाहिलेले नाहीत, त्याने पाहिलेत. दोन जानेवारीला शेफ मंगळवार परत देतात का, हे आधी लेखी घ्या. ते नसेल तर २२ काय नि २८ काय.

कळंगुट_किचन

आज विचारते. ब्रेक शिफ्टमध्ये तीन वाजता भेटतात ते.