भोकं असलेला पॉलिगॉन: वाइंडिंग नंबर की आपलं साधं रे क्रॉसिंग?

पम्या_कोल्हापूर:
वॉर्डाचा पॉलिगॉन आहे, मधे रंकाळ्याचं भोक. पॉइंट वॉर्डाच्या आत की बाहेर हे ठरवायला इतके दिवस रे क्रॉसिंगवर सगळं नीट चाललं होतं. एकाने सांगितलं वाइंडिंग नंबर जास्त पक्का, म्हणून बदललं, तर आता तळ्याच्या मधोमधचा पॉइंट "आत" येतोय. माझं मत स्पष्ट आहे, क्रॉसिंगच बरं. कुणाला काही वेगळं वाटत असेल तर सांगा.

बिनधास्त_बंडू:
नाही रे, वाइंडिंगच बरं. क्रॉसिंगमधे किरण नेमका कोपऱ्यातून गेला की दोनदा मोजला जातो आणि उत्तर उलटं येतं. वाइंडिंगला ती भानगडच नाही.

नकाशावाला:
बंडूभाऊ, अर्धं बरोबर. कोन बेरीज करून काढलं तर किरणच नसतो, हे खरं, पण दर कोपऱ्याला `atan2` लावत बसावं लागतं. सगळे वापरतात त्या प्रकारात किरण असतोच, फक्त कड वर जाते का खाली हे बघून +१ किंवा -१ करतात. कोपऱ्याचा त्रास जातो तो कडेचं एक टोक धरून दुसरं सोडल्यामुळे, आणि ती युक्ती क्रॉसिंगलाही तशीच लागू होते:

```
def winding(p, ring):
    x, y = p
    w = 0
    for (x1,y1),(x2,y2) in zip(ring, ring[1:]+ring[:1]):
        s = (x2-x1)*(y-y1) - (x-x1)*(y2-y1)
        if y1 <= y < y2 and s > 0: w += 1
        elif y2 <= y < y1 and s < 0: w -= 1
    return w
```

पम्या, तुझा घोटाळा भोकाच्या दिशेत आहे. बाहेरची रिंग (0,0) (10,0) (10,10) (0,10) धर, म्हणजे घड्याळाच्या उलट. भोक ४ ते ६ चा चौकोन, पॉइंट (5,5). उजवीकडे बघ, बाहेरची कड वर जाते, +१. भोक घड्याळाच्या दिशेने असेल तर त्याची उजवी कड खाली येते, -१, बेरीज शून्य, म्हणजे बाहेर. पण भोकही बाहेरच्यासारखंच फिरलं तर ती कडही वर जाते, बेरीज २, आणि शून्य नाही म्हणून "आत". क्रॉसिंगला दोन्ही वेळा दोनच कडा दिसतात, सम, म्हणून ते तुला सांभाळून घेत होतं.

पम्या_कोल्हापूर:
अरे देवा! प्रिंट करून बघितलं, २ च येतंय. पण मग माझंच बरोबर ना, दिशेची कटकट नसलेलंच चांगलं. शेपफाइलमधे बाहेरची रिंग घड्याळाच्या दिशेने असते आणि नव्या जिओजेसनमधे बरोब्बर उलटी, कोण लक्षात ठेवणार?

नकाशावाला:
कुठली कशी याने फरक पडत नाही, भोक आणि बाहेरची एकमेकांच्या उलट हवीत एवढंच. 2016 च्या RFC 7946 मधे जिओजेसनची दिशा ठरली, त्याआधीच्या 2008 च्या जिओजेसनमधे ती ठरलेलीच नव्हती, म्हणून जुन्या फायलींवर विसंबू नकोस. चिन्हासकट क्षेत्रफळ काढ, दोघांचं चिन्ह सारखं आलं की भोक उलटं कर.

शेतकरी_ताई:
मी यातली तज्ज्ञ नाही, पण आमच्याकडे झालेलं सांगते. बांधावरून जीपीएस घेऊन फिरायचं होतं, पोराने एक चक्कर मारली आणि बंद करायचं विसरून दुसरीही मारली. ॲपमधे अख्खं शेत बाहेर आणि कडेला नुसत्या चिंध्या आत! हे याच्यामुळेच का?

नकाशावाला:
ताई, अगदी याच्यामुळेच. प्रत्येक कड दोनदा म्हणजे क्रॉसिंग सम, म्हणून बाहेर. वाइंडिंग २ देतं, तरी शून्य नाही म्हणून आत. आणि चिंध्या म्हणजे दोन चकरा जिथे थोड्या सरकल्या ती जागा, तिथे एकच कड लागते. मी वाइंडिंगच्या बाजूचा आहे तो यासाठी. पम्याची कटकट उलट कामाची वाटते मला, क्रॉसिंग चूक लपवतं.

शंकेखोर:
लपवतं कसलं, वाइंडिंगही लपवतंच की. दोन भोकं चुकून एकमेकांवर चढली तर चढलेल्या जागी १-१-१ = -१, शून्य नाही, म्हणून "आत". क्रॉसिंगही तिथे ३ मोजून आतच म्हणतं. दोघंही चूक! त्यापेक्षा प्रत्येक रिंग वेगळी तपासा, बाहेरच्या रिंगमधे आहे आणि कुठल्याच भोकात नाही तर आत. मग दिशा कशीही असो.

बिनधास्त_बंडू:
हे आवडलं बुवा, विषय संपला.

नकाशावाला:
संपला कुठे. शेपफाइलमधे तळ्यातलं बेटही त्याच रेकॉर्डमधे दुसरी बाहेरची रिंग म्हणून येतं. शंकेखोरांच्या नियमाने बेटावरचा पॉइंट भोकात आहे म्हणून बाहेर जाईल, आणि बेरीज मात्र १-१+१ = १, बरोब्बर. रिंगा वेगळ्या तपासायच्या तर आधी कुठलं भोक कुठल्या बाहेरच्या रिंगचं ते लावावं लागेल. पॉइंट नेमका कडेवर असेल तर ते वेगळंच तपासा, वरचा कोड डाव्या कडेवर आत म्हणतो आणि उजव्या कडेवर बाहेर.

शंकेखोर:
भोकांची नीट मांडणी न करता फाइल देणाऱ्यालाच परत पाठवतो मी. आणि चढलेल्या भोकांचं काय, ते सांगितलंच नाहीत.

नकाशावाला:
बाहेरची रिंग +१ देणारी करून घ्यायची आणि "शून्य नाही" ऐवजी "शून्याहून जास्त" विचारायचं, -१ बाहेर पडतो. ताईंच्या शेताला २, ते आतच राहतं.

पम्या_कोल्हापूर:
भोक उलटं केलं, रंकाळा बाहेर आला. तरी क्रॉसिंगचा कोड काढून टाकत नाहीये, दोघांचं उत्तर वेगळं आलं की त्या वॉर्डाची फाइल उघडून बघायची.