गुड नाइट झाल्यावरच्या हाका

>‘गुड नाइट म्हणून दिवा घालवला की चार वर्षांची लेक पाणी, शू, अजून एक पापा करत उठतच राहते. काय करावं?’

तहान बहुतेक वेळा नावापुरती असते. आईबाबा अजून आहेत ना, एवढंच ती बघत असते. अंधारात एकटं निजणं या वयाला ताटातूटच वाटते. म्हणून निरोप रोज त्याच क्रमाने घ्या: शू, पाणी, पांघरूण, पापा आणि एक ठरलेलं वाक्य. आमच्याकडे ते ‘झोप हं राणी, सकाळी दूध-पोळी खाऊ’ असं होतं. सकाळचा उल्लेख मुद्दाम, म्हणजे पुढची भेट पक्की होते. (मोबाइलकडे बघत म्हटलेलं गुड नाइट मुलांना बरोबर कळतं!)

तरीही उठली तर तिनेच रंगवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड रोज उशाशी ठेवा. ते देऊन तिने एकदाच बाहेर यायचं, पाणी किंवा पाप्यासारखं छोटंसं काम सांगायचं, मग कार्ड सकाळपर्यंत तुमच्याकडे. अमेरिकेत पॅट्रिक फ्रिमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ही युक्ती मांडली. हाक मारायची सोय आहे म्हटल्यावर काही मुलं कार्ड वापरतही नाहीत. पुन्हा आलीच तर न रागावता, फारसं न बोलता नेऊन निजवा. सुरुवातीला रडारड होऊ शकते. ताप किंवा दुखणं असेल तेव्हा मात्र कार्डाचा हिशेब नको.