‘थकीत नसलेल्यांशिवाय मिळणार नाही’: हॉलची पाटी बदलावी का?

सुजाता, राजारामपुरी: आमच्या 22 फ्लॅटच्या सोसायटीत खाली एक छोटा हॉल आहे. दारावर पाटी आहे: ‘वर्गणी थकीत नसलेल्या सभासदांशिवाय इतर कोणासही हॉल मिळणार नाही.’ वर्गणी वेळच्या वेळी भरणाऱ्या एका काकूंनी ती वाचली आणि आपल्याला हॉल मिळत नाही असं समजून नातीच्या बारशाला बाहेरचं कार्यालय घेतलं. उलट दोन वर्षांची बाकी असलेले एक गृहस्थ ‘मला नाही असं कुठं लिहिलंय?’ म्हणून भांडून गेले. पाटी बदला म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणतात, नियमातला शब्द हलवायचा नाही. तुमचं मत काय?

गणितवाले सर: यात वाद घालण्यासारखं काय आहे? ‘नसलेल्या’, ‘शिवाय’ आणि ‘नाही’, असे तीन नकार आहेत. शेवटचे दोन एकमेकांना कापतात. पहिल्याचा होकार करा, ‘थकीत नसलेल्या’ म्हणजे ‘भरलेल्या’. उत्तर: ‘वर्गणी भरलेल्या सभासदांना हॉल मिळेल.’ सातवीतलं पोरगं सोडवेल.

जुना कारकून: सर, तीन नकार बरोबर मोजलेत, पण कापताना दोन गोष्टी हातातून निसटल्या. तीस वर्षं परिपत्रकांचे मसुदे केलेत, म्हणून सांगतो.

‘शिवाय… नाही’ हे जोडपं नुसतं ‘हो’ म्हणत नाही, ते ‘फक्त यांनाच’ म्हणतं. तुमच्या वाक्यात सभासदांना मिळेल एवढंच आलं, बाहेरच्याला मिळणार नाही हे गेलं. उद्या शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस आला तर त्याला कुठल्या शब्दावर बोट ठेवून परत पाठवणार? निदान ‘सभासदांनाच’ हवं. तो एक ‘च’ दोन नकारांचं काम करतो.

दुसरी चूक जास्त महागात जाते. ‘थकीत नसलेला’ आणि ‘भरलेला’ हे एकच नव्हेत. सुजाताताई, तुमच्याकडे बिल कधी येतं आणि भरायला मुदत किती?

सुजाता, राजारामपुरी: वर्षाचं बिल 1 एप्रिलला. मुदत तीन महिने, त्यानंतर थकबाकी धरतात.

जुना कारकून: मग बघा. समजा, फ्लॅट 302 वाल्यांकडे मे महिन्यात साखरपुडा आहे. मागचं सगळं भरलंय, या वर्षाचं बिल जूनमध्ये भरायचं ठरवलंय. ते थकीत आहेत का? नाहीत. वर्गणी भरलीय का? तीही नाही. जुन्या पाटीनं त्यांना हॉल मिळतो, सरांच्या पाटीनं मिळत नाही. पाटी सोपी करता करता नियमच बदलला, आणि कमिटीला पत्ता नाही. नकार काढताना त्याच्या उलट शब्द घाईनं बसवला की हेच होतं. दोहोंच्या मधे उभी असलेली माणसं कोण, ते आधी शोधायचं.

उद्यमनगरचा भावा: मी हे सगळं वाचालोय आणि माझ्या गॅरेजची पाटी डोळ्यासमोर आली बघा. पेंटरनं लिहून दिली, ‘पावती नसल्याशिवाय गाडी मिळणार नाही.’ म्हणजे पावती नसंल तरच गाडी! चार वर्षं लटकलीय, एकानंबी उलटा अर्थ घेतला न्हाई. गिऱ्हाईक येतंय, पावती काढतंय, गाडी नेतंय. लोक शब्द वाचत न्हाईत ताई, मतलब वाचतात. उगा पेंटरला पैसे कशाला?

जुना कारकून: भावा, तुझी पाटी चुकीची असून चालते, ताईंची व्याकरणानं बरोबर असून चालत नाही. तुझ्याकडे पावती लागते हे माणूस पाटी वाचायच्या आधीच जाणतो. हॉल कुणाला मिळतो हे मात्र पाटीशिवाय कळायला मार्ग नाही. म्हणून सगळेच दोन नकार वाईट असंही मी म्हणणार नाही. ‘पैसे भरल्याशिवाय गॅस मिळणार नाही’ यात कुणी अडखळत नाही, ‘शिवाय’च्या आधी साधी होकारी गोष्ट आहे ना. ताईंच्या पाटीत त्या जागीही ‘नसलेल्या’ बसलाय, तिथं पाय अडकतो. वर ‘शिवाय’ला दोन अर्थ. ‘तुमच्याशिवाय कोणी नाही’ हा एक, ‘जेवण, शिवाय ताक’ हा दुसरा. काकूंनी बहुतेक ‘थकीत नसलेले, शिवाय इतर कोणीही’ असं वाचलं असणार, मग सगळ्यांनाच बंदी.

काळा कोट: मी सेक्रेटरींच्या बाजूनं. एक तर ‘मिळेल’ लिहिलंत की ते वचन होतं. दोन सभासद एकाच तारखेला आले तर दोघंही पाटीचा फोटो घेऊन भांडणार. ‘मिळणार नाही’ कुणालाच काही कबूल करत नाही, नियमाला तेच हवं असतं. दुसरं, तो ‘च’. अख्खा नियम एका अक्षरावर टांगायचा आणि रंगवणाऱ्यानं तेच गाळलं तर? जुनं वाक्य जड आहे, पण गळतं नाही. आणि सोसायटीचा उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, शिवाय निबंधकाकडे दुरुस्ती नोंदवून घ्यावी लागते. पाटीसाठी एवढं करणार का?

गणितवाले सर: ‘थकीत नसलेला’ आणि ‘भरलेला’ यातला फरक मान्य. वचनाचं मात्र पटत नाही. ‘मिळेल’च्या जागी ‘मागता येईल’ लिहा की.

जुना कारकून: सर, ‘मागता येईल’ चांगलं आहे, घेऊ या. वकीलसाहेबांचं ‘च’चं म्हणणंही मला पटतं, गळलेले ‘च’ मी पाहिलेत. पण उपविधी कागदावर असतो, दारावरची पाटी ही त्याची खबर. उपविधीला हात न लावता पाटी बदलता येते, अर्थ तोच राहिला पाहिजे एवढंच. आणि नकाराचा जोर हवा असेल तर त्याला स्वतःचं वाक्य द्या, दुसऱ्याच्या खांद्यावर बसवू नका:

‘हॉल फक्त या सोसायटीच्या सभासदांना मागता येईल. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत वर्गणी न भरलेल्या सभासदांना हॉल मिळणार नाही.’

रंगवायच्या आधी कागदावर लिहून दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘302 वाल्यांना मे महिन्यात मिळेल का?’ असं विचारा.

उद्यमनगरचा भावा: आणि वॉचमनला पहिल्यांदा विचारा. किल्ली त्याच्याकडं असतीया.

सुजाता, राजारामपुरी: काल संध्याकाळी विचारलं, वॉचमनसकट सहा जणांना. जुन्या पाटीवर 302 वाल्यांचं उत्तर चौघांचं चुकलं, वॉचमनमामा तर म्हणाले, ‘आमी पाटी बघतच न्हाई, सेक्रेटरीला फोन लावतो.’ नव्या कागदावर एकच चुकला, तोही ‘बिलाच्या तारखेपासून’ म्हणजे फोनवर मेसेज आला त्या दिवसापासून असं समजून. तिथं सरळ ‘30 जूनपर्यंत’ लिहावं असं वाटतंय.

पण एक नवंच निघालं. तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू म्हणाले, ‘म्हणजे आम्हाला नाही?’ आजवर ते मालकाच्या नावानं हॉल घेत आलेत. जुन्या पाटीतही ‘सभासद’च होतं, पण त्या गुंत्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काळा कोट: बघा. जुन्या पाटीखाली आजवर सुखानं हॉल वापरत होते बिचारे.

जुना कारकून: सुखानं नव्हे, कुणी वाचलं नव्हतं म्हणून. 30 जून लिहा, पण सोबत ‘या वर्षाची’ हे घाला, नाहीतर मागच्या बाकीवाले गृहस्थ जूनपर्यंत मोकळे सुटतील. भाडेकरूंचं कमिटीनं ठरवायचं, ते पेंटरचं काम नाही.

सुजाता, राजारामपुरी: मागची बाकी वेगळ्या ओळीत घालते. सेक्रेटरी म्हणालेत, भाडेकरूंचा विषय रविवारच्या मीटिंगला घ्या, तोवर जुन्या पाटीवर कागद चिकटवायला हरकत नाही.