अनुभव धागा: बिल्डिंगमधलं वायफाय आणि चॅनेलची गर्दी

किनारपट्टी: रत्नागिरीत काल लाइट गेली नि आली, आणि जुनं दुखणं आठवलं. लाइट येताच सगळ्या सोसायटीचे राउटर एकदम उठतात. बरेच Auto वरचे राउटर उठतानाच एकदा कानोसा घेऊन चॅनेल धरतात, मग तिथेच बसून राहतात. तुम्ही हाताने चॅनेल कसं निवडलंत ते लिहा.

आठळी: मी ३ ठेवलंय. स्कॅनमध्ये कोणीच नव्हतं तिथे.

जांभा_चिरा: आठळीताई, तीच तर गोम आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल ५ मेगाहर्ट्झवर एक असतं, पण राउटर पसरतो २० मध्ये. म्हणजे ३ वर बसलात की १ आणि ६ दोन्हीकडच्यांशी धक्काबुक्की. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चॅनेलवरच्याचं बोलणं नुसता गोंगाट वाटतो, पाकिटं फुटतात, पुन्हा पाठवावी लागतात. म्हणून १, ६ नाहीतर ११.

खाडीपलीकडे: मग ज्यावर नेटवर्क कमी ते घ्यायचं, सोपं आहे!

जांभा_चिरा: डोकी मोजू नका, आवाज मोजा. समजा १ वर पाच जण आहेत, पण सगळ्यांचा आवाज -८६ dBm च्या खाली. ६ वर एकटाच, पण भिंतीपलीकडचा, -४७. ११ वर तिघे, -६५ च्या आसपास. इथे मी १ घेईन. ते पाच लांबचे, जेमतेम ऐकू येतात. -४७ वाला डाउनलोडला बसला की तुम्ही ताटकळलात. स्कॅन रात्री नऊला करा, आणि राउटरपाशी नाही, जिथे मोबाइल घेऊन बसता तिथे. मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडा (काहींचा पत्ता वेगळा, राउटरखाली चिकटवलेला असतो), तिथे Channel Width 20MHz करा. ४० ठेवलंत तर अर्धा पट्टा एकटे अडवाल.

माडाखाली: आमच्याकडे पाऊस आला की सगळेच चॅनेल जातात, छत्री हलवावी लागते

आठळी: भाऊ ते टीव्हीचं 😂

खाडीपलीकडे: १३ कोणी घेत नाही. तेच बेस्ट.

किनारपट्टी: ११ शी घासतंच ते. शिवाय अमेरिकेहून आणलेल्या काही लॅपटॉपना १२-१३ दिसतच नाहीत, म्हणजे गणपतीला पाहुणे आले की बोंब.

खाडीपलीकडे: आमच्याकडे ११ वर कोणी नाही, आणि पाहुणे दुबईचे. मी नाही हलवणार.

सोलकढी_दोन_वाट्या: मी १ केलं, तरी रडतंय. आयफोनवर ते स्कॅनचं अ‍ॅपही नीट मिळेना.

जांभा_चिरा: स्कॅनला कोणाचातरी अँड्रॉइड मागून घ्या. त्याआधी लॅपटॉपला केबल लावून वेग बघा. केबलवरही रडत असेल तर लाइनचा दोष, चॅनेल बदलून काही होणार नाही. केबलवर ठीक असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा, तिथे गर्दी कमी. पण दोन भिंतींपलीकडे तो फार टिकत नाही.

सोलकढी_दोन_वाट्या: केबल माळ्यावर आहे बहुतेक. भात उतरवते नि बघते.