सॅली गोटी कुठे शोधेल? या उत्तरावरून मन कळतं की भाषा?

रानवाट: सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना ॲन गोटी खोक्यात हलवते. परत आल्यावर सॅली कुठे शोधेल? चार वर्षांची बहुतेक मुलं ‘टोपलीत’ म्हणतात, ऑटिझम असलेली बरीच ‘खोक्यात’. एवढ्यावरून त्यांना दुसऱ्याचं मन कळत नाही म्हणायचं? प्रश्नच समजला नसेल तर?

जुनी_वही: ही शंका 1985 मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर ही चाचणी करणाऱ्या बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ या संशोधकांनाही होतीच. म्हणून त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले: गोटी आता कुठे आहे, आणि आधी कुठे होती? ही उत्तरं सगळ्या मुलांनी बरोबर दिली. तरीही ऑटिझम असलेल्या 20 पैकी 16 जणांनी सॅली खोक्याकडे जाईल असं दाखवलं. डाउन सिंड्रोम असलेल्या 14 पैकी 12 मुलांचं उत्तर बरोबर आलं, आणि त्यांचं भाषेचं वय, म्हणजे भाषा किती वर्षांच्या मुलाइतकी येते ते, तर ऑटिझमच्या गटाहून कमी होतं. गोष्ट कळली होती, आठवतही होती. अडलं ते सॅलीच्या डोक्यातल्या चुकीच्या समजुतीपाशी.

अबोली२: मला हे अजिबात मान्य नाही. ऐकू येणाऱ्या घरात जन्मलेली, खुणांची भाषा उशिरा शिकलेली कर्णबधिर मुलंही या चाचणीत मागे पडतात. त्यांना ऑटिझम नसतो. म्हणजे ही भाषेचीच चाचणी झाली!

जुनी_वही: अर्धं बरोबर. भाषेचा वाटा मोठा आहे. संशोधक फ्रान्सेस्का हॅपे यांनी 1995 मध्ये दाखवलं की ऑटिझम असलेल्या मुलांचं भाषेचं वय साधारण 9 झालं की त्यातली निम्मी पास होतात. पण ‘भाषेचीच’ म्हणाल तर फोटोची चाचणी अडवते. वस्तूचा फोटो काढायचा, मग वस्तू हलवायची आणि विचारायचं, फोटोत ती कुठे दिसेल? प्रश्नाची घडण जवळपास तीच, आणि इथे ऑटिझम असलेली मुलं सहसा चुकत नाहीत.

अबोली२: फोटो जुना असतो, खोटा नसतो. सॅली मात्र आत्ताच्या जगाबद्दल चुकते. या दोन गोष्टी सारख्या कशा?

जुनी_वही: हा आक्षेप खरा आहे. त्यावर अजून वाद चालू आहे.

मुलाची_आई: मग हे उत्तर चुकलं म्हणजे ऑटिझम आहे, असं धरायचं का? माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला निदान मिळालंय, पण हे कोडं तो झटक्यात सोडवतो. खेळताना मात्र समोरचा चिडवतोय की खरंच बोलतोय, हे त्याला कळत नाही.

जुनी_वही: नाही ताई, ही निदानाची चाचणी नाही. तीन वर्षांची बहुतेक मुलंही इथे चुकतात आणि ऑटिझम असलेली काही पास होतात. तुमचा मुलगा बहुधा सॅलीने काय पाहिलं, काय नाही, असा हिशोब मांडून उत्तर काढतो. 2009 मध्ये सेंजू आणि सहकाऱ्यांनी ॲस्पर्गर या ऑटिझमच्या प्रकाराचं निदान असलेल्या प्रौढांची नजर अशीच गोष्ट पाहताना टिपली. शब्दांत विचारलं की ते बरोबर सांगत, पण न विचारता त्यांची नजर आपणहून योग्य जागी आधी जात नसे. खेळात कोणी थांबून प्रश्न विचारत नाही आणि हिशोबाला वेळही मिळत नाही.

रानवाट: मग शाळेतल्या समुपदेशकांनी फक्त या कोड्यावर ‘समज चांगली आहे’ असं लिहिलं तर?

जुनी_वही: तर त्यांना विचारा, मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला किती वेळ पाहिलं.