मदत हवी आहे: नातवाचा तबला टीव्हीवर लागत नाही

निवृत्त_मास्तर: शाळेच्या स्नेहसंमेलनात नातवाने तीनताल वाजवला. मुलाने व्हिडिओ पाठवलाय. हिला मोबाइलवर त्याची बोटं दिसत नाहीत, म्हणून टीव्हीवर लावायचाय. मुलगा म्हणतो कास्ट करा. दोन तास शोधतोय, कास्टचं चिन्हच सापडत नाही. संध्याकाळी शेजारी येणार आहेत, लवकर सांगा.

वायरमन_सातारा: टीव्ही कुठला? मोबाइल कुठला? व्हिडिओ कशावर आला?

निवृत्त_मास्तर: व्हॉट्सअॅपवर. मोबाइल अँड्रॉइड, टीव्ही गूगल टीव्हीवाला. टीव्हीवर यूट्यूब चालतं, म्हणजे इंटरनेट ठीक आहे.

वायरमन_सातारा: व्हॉट्सअॅपमध्ये ते चिन्ह शोधू नका. तोच व्हिडिओ Google Photos मध्ये, व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये उघडा. चौकोनाच्या कोपऱ्यात तीन वळणदार रेघा, ते कास्ट.

पेनड्राइव्ह_झिंदाबाद: कशाला एवढा खटाटोप? पेनड्राइव्हवर घ्या, टीव्हीला लावा. मी दहा वर्षं तेच करतोय.

मीरा_ठाणे: आमच्याकडे नुसता आवाज आला, चित्र काळं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने HEVC या व्हिडिओ-प्रकारात घेतलेलं जुन्या टीव्हीला वाचता आलं नाही.

पेनड्राइव्ह_झिंदाबाद: व्हॉट्सअॅपवरून आलेला बहुतेक चालतो. तुमचा थेट कॅमेऱ्यातला असेल.

नाना_जोशी: आमच्या सेट-टॉप बॉक्सवर पावसात चित्र जातं. छत्री फिरवून घ्या.

निवृत्त_मास्तर: नाना, छत्रीचा प्रश्न नाही हो. वायरमन, फोटोजमध्ये व्हिडिओ सापडला, पण चिन्ह नाहीच.

वायरमन_सातारा: मोबाइलचं वायफाय चालू आहे ना? मोबाइलच्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचं नाव काय दिसतं? दोन्ही अक्षर न अक्षर लिहा.

निवृत्त_मास्तर: वायफाय चालू आहे. मोबाइलवर Ghar_Guest, टीव्हीवर Ghar. मुलाने पाहुण्यांसाठी वेगळं करून दिलं होतं, मोबाइलला तेच जोडलं गेलंय.

वायरमन_सातारा: इथेच अडलंय. दोन्हीकडे इंटरनेट येतं, पण पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातली बाकी यंत्रं सहसा दिसत नाहीत. म्हणून मोबाइलला तुमचा टीव्ही सापडतच नाही. मोबाइल Ghar ला जोडा. पासवर्ड मुलाने बदलला नसेल तर राउटरखालच्या चिकटपट्टीवर असतो.

निवृत्त_मास्तर: चिकटपट्टीवरचा चालला नाही. मुलाला फोन करून नवा घेतला. जोडल्या जोडल्या चिन्ह आलं, टीव्हीचं नाव दाबलं आणि पोरगा पडद्यावर! हिने समेवर मान हलवली. पण चित्र धूसर आहे, आणि ब्लूटूथ स्पीकर लावला की थाप आधी दिसते, आवाज मागून येतो.

मीरा_ठाणे: धूसरपणा व्हॉट्सअॅपने लहान केल्यामुळे. मुलाला मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

वायरमन_सातारा: आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर ठेवा, ब्लूटूथला उशीर होतो.

निवृत्त_मास्तर: टीव्हीच्या स्पीकरवर बायाँचा घुमारा येत नाही. वायरने स्पीकर जोडला तर?

पेनड्राइव्ह_झिंदाबाद: टीव्हीच्या मागे गोल भोक आहे का? फोटो टाका.