'शा.' म्हणजे शाबू की शाळू? (आणि 'लावून दे' म्हणजे नक्की काय?)

विश्रामबागची सून
सासूबाई गेले आठ दिवस नणंदेकडे साताऱ्याला आहेत, तिथनं त्यांनी किराण्याच्या यादीचा फोटो पाठवलाय, वहीच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेली, आणि खाली एवढंच, "हे जरा लावून दे." बाकी काही नाही. मी माहेरची नाशिकची, लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यांची लघुरूपं अजून कळत नाहीत मला. घराजवळ जो मॉल झालाय तिथं हे जाणार आहेत संध्याकाळी, आणि ह्यांना एकेका वस्तूसाठी चार चकरा मारायला लावल्या की डोकं फिरतं, म्हणून मी समजले की मॉलमधल्या सेक्शनप्रमाणे लावून द्यायचं. बरोबर समजले का? फोटोत दिसतं तसं खाली टाइप केलंय, काही बदल नाही.

तु. डा. १॥
ह. 〃 १।
मू. 〃 ०॥
शा. ०॥
वरी पाव
शें. २
शा. १०
चि. ४ मापं
बे. ०॥
ह. ०।
मो. जि. ०।
ते. ५ लि.
च. सा.
नि. २
पाव ६

पहिल्यांदा मी 'हरभरा डाळ ११ किलो' असं लिहून ह्यांना पाठवलं होतं. ते म्हणाले अगं लग्न आहे का कुणाचं.

कृष्णाकाठ
लावून देणे म्हणजे मांडणीवर लावणे. आमच्या आईनंपण असंच सांगितलेलं एकदा, मी सगळे डबे धुऊन पुसून त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, डाळी खाली, मसाले वर, पोह्याचा डबा हाताशी. एक सांगतो ताई, चिठ्ठी झाकणावर नको, डब्यावरच चिकटवा, झाकणं बदलतात आणि मग रव्याच्या डब्यात मीठ निघतं.

विश्रामबागची सून
दादा सामान अजून आणायचंय हो.

मापात पाप
ताई, वडिलांचं दुकान होतं गणपती पेठेत, मी गल्ल्यावर तीस वर्षं काढली, असल्या याद्या रोज शंभर बघितल्यात. 'लावणे' ह्या शब्दाचं आधी सांगतो. आमच्याकडं यादी आली की वडील नोकराला म्हणायचे "यादी लाव", म्हणजे यादीतला माल काढून, तोलून, पुड्या बांधून एका जागी ठेव. घरातली बाई "यादी लावून दे" म्हणते तेव्हा तिला बहुतेक वेळा नीट ओळीनं मांडून दे एवढंच म्हणायचं असतं, पण कुठल्या ओळीनं ते ती सांगत नाही कारण तिच्या डोक्यात दुकान असतं. तुमच्या सासूबाईंना माहिती आहे ना मुलगा मॉलला जाणार ते? मग सेक्शनप्रमाणेच. तुमचं बरोबर आहे.

आता त्या ११ किलोचं. ती उभी रेघ म्हणजे एक नव्हे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, ०॥ म्हणजे नुसता अर्धा, पुढं शून्य अशासाठी की एकट्या रेघांना कुणी आकडा समजू नये. साडेतीन मुहूर्त पंचांगात ३॥ असे लिहितात ते बघितलं असेल तुम्ही. आणि 〃 ही खूण तिसरीच, ती 'वरचंच' असं सांगते, म्हणजे इथं डाळ. पेन्सिलीत आणि फोटोत ह्या दोन्ही सारख्याच दिसतात, पण जागा बघायची. नावाच्या रांगेत असली तर वरचंच, आकड्याला चिकटून उजवीकडं असली तर अर्धा. तुमच्या दुसऱ्या ओळीत एक खूण मधी आहे आणि एक रेघ शेवटी, म्हणून ती हरभरा डाळ सव्वा किलो.

अक्षरयात्री
थोडी दुरुस्ती. ही खूण शेराची आहे, किलोची नाही. पूर्वी ०। म्हणजे पावशेर आणि रुपयात चार आणे. तेव्हा सासूबाईंनी शेराच्या हिशोबानं लिहिलं असेल तर दीड शेर म्हणजे दीड किलो होत नाही, कमी भरेल. मॉलमध्ये किलोनं घेतलंत तर जास्त येईल.

मापात पाप
खूण जुनी, हे खरं. पण ती शेराची नाही ओ, ती पाव-अर्ध्याची आहे, कशाचा पाव ते वेगळं. रुपयाला लावली की चार आणे, शेराला लावली की पावशेर, किलोला लावली की अडीचशे ग्रॅम. किलोचा कायदा १९५६ चा, त्यानंतर दुकानातली मापं बदलली, पण बायकांची लिहायची पद्धत तीच राहिली. आजपण गिऱ्हाईक 'पावशेर शेंगदाणे' म्हणतं आणि अडीचशे ग्रॅमच घेऊन जातं, कुणी शेराचा हिशोब घालत नाही. शेर खरोखर उरलाय तो मापाच्या मालाला, म्हणजे तुमचे ते चि. ४ मापं.

विश्रामबागची सून
चि. म्हणजे चिंच ना?

मिरजेचा तंबोरा
चिंच मापानं?? 😄 ताई, चि. म्हणजे चिरमुरे. तुम्ही नाशिककडचे मुरमुरे किंवा चुरमुरे म्हणत असाल, सांगलीत चिरमुरे. सांगलीत राहून चिरमुरे कळले नाहीत तर भडंग खाता कशाची.

विश्रामबागची सून
अय्या हो की. आणि शा. दोनदा का आलंय? चुकून दोनदा लिहिलं असेल म्हणून मी एक खोडणार होते.

मापात पाप
खोडू नका! एक शाबू, दुसरा शाळू. हीच तर गंमत आहे तुमच्या यादीत. तुमच्याकडं साबुदाणा, आमच्याकडं शाबू. आणि शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, भाकरीची. आता कुठला कुठला ते कसं ओळखायचं, तर वजन बघा. शाबू घरात कुणी दहा किलो आणत नाही आणि शाळू अर्धा किलो आणून काय करणार, दोन वेळच्या भाकरी. शिवाय शेजार बघा. पहिल्या शा.च्या खाली वरी आहे, त्याखाली शें. म्हणजे शेंगदाणे. बाई यादी लिहिते ती दुकान आठवून नाही, स्वयंपाक आठवून. उपास आला डोक्यात की शाबू, वरी, शेंगदाणे एका दमात येतात.

पण इथंच लोक चुकतात बघा. शेजारावरून शब्द कळतो, सेक्शन कळत नाही. शेंगदाणे तिनं उपासात लिहिले म्हणून तुम्ही उपासाच्या रॅकला शोधायला लावलंत तर दोनशे ग्रॅमची महाग पाकिटं मिळतील. दोन किलो शेंगदाणे कडधान्याजवळ सुटे असतात. म्हणजे आधी यादी वाचायची बाईच्या डोक्यानं, आणि लावायची दुकानाच्या डोक्यानं.

अक्षरयात्री
'वरी पाव' आणि 'पाव ६' हेही बघा. पहिला पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम, दुसरा खायचा पाव. आकडा नंतर आला की वस्तू.

मापात पाप
हे मात्र तुम्ही शंभर टक्के बरोबर बोललात.

मिरजेचा तंबोरा
नि. २ म्हणजे निरमा. पण निरमाच आणायला पाहिजे असं काही नाही, आमच्या आजीला कुठलीपण धुण्याची पावडर निरमाच. तेव्हा ह्यांना सांगा घरात आधी कुठला पुडा आहे तो बघून जा.

विश्रामबागची सून
आणि बे.? बेसनच ना?

मापात पाप
मला तर बेदाणे वाटतात. तासगाव हाकेच्या अंतरावर, इथं घरात अर्धा किलो बेदाणे काही विशेष नाही. आणि सव्वा किलो हरभरा डाळ लिहिलीये म्हणजे त्यातलीच गिरणीतनं दळून बेसन करणार, वेगळं कशाला विकत घेतील.

विश्रामबागची सून
एवढं सगळं वाचून परत लावलं. ह. एकटी म्हणजे हळद असं धरलं, कारण डाळ वर येऊन गेली आणि खाली लगेच मोहरी-जिरे आहे. बघा जमलंय का.

डाळी-कडधान्य: तूरडाळ दीड किलो, हरभरा डाळ सव्वा, मूगडाळ अर्धा, शेंगदाणे २ किलो
उपवासाचं: शाबू अर्धा, वरी पाव किलो
मसाले: हळद पाव, मोहरी, जिरे
तेल: ५ लिटर
साबण-पावडर: धुण्याची पावडर २
बेकरी: पाव ६
मॉलमध्ये नाही: शाळू १०, चिरमुरे ४ मापं
विचारायचं: बे., च. सा.

मापात पाप
झकास. शाळू-चिरमुरे वेगळे काढलेत ते फार बरं केलंत, मॉलात शाळू पाकिटात मिळतो पण सासूबाई तो हातात घेऊन बघितल्याशिवाय घेणार नाहीत. आता दोन गोष्टी. ओळी मोजा. फोटोत पंधरा आहेत, तुमच्याकडं पंधरा व्हायला पाहिजेत. मी मोजल्या तर सोळा होतात कारण मो. जि. तुम्ही तोडलं. तोडायला हरकत नाही पण वजन कुठं गेलं? ०। दोन्ही मिळून का दोन्ही पाव पाव? तुम्ही वजन लिहिलंच नाही, आणि दुकानात ते हे ठरवणार. लावताना वस्तू हरवत नाही, वजन हरवतं, हे मी नोकरांना सांगून सांगून थकलो. आणि दुसरं, तेल. शेंगदाण्याचं का सूर्यफुलाचं, ते त्यांनी लिहिलेलं नाही, तुम्ही पण मनानं घालू नका, विचारायच्यात टाका.

कृष्णाकाठ
मोहरी पाव किलो म्हणजे वर्षभर पुरेल, दोन्ही मिळूनच असणार.

मिरजेचा तंबोरा
आमच्याकडं जिरे महिन्याला पाव लागतात, ताकाला, भाताला, सगळ्याला. घराघराचं वेगळं असतंय.

अक्षरयात्री
च. सा. म्हणजे चहा-साखर, त्यात विचारण्यासारखं काय आहे? दोन्ही नसेल तर घर चालेल का.

मापात पाप
मग वजन का नाही? सगळ्या ओळींना वजन आहे, ह्या एकालाच नाही. साखर कुणी वजन न लिहिता मागवत नाही, सांगलीत तर नाहीच. मला ते चटणीचं सामान वाटतंय. म्हणजे एक ओळ दिसायला, पण तिच्या पोटात ब्याडगी, संकेश्वरी, धणे, सुकं खोबरं, तीळ, खसखस, लसूण, असं दहा-बारा प्रकार. ताई, चटणी म्हणजे तुमची वाटलेली चटणी नव्हे हां, आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. असं असेल तर ते मॉलमधनं घ्यायचंच नाही, मिरची बाजारात बघून घ्यावी लागते.

विश्रामबागची सून
फोन केला. बे. म्हणजे बेसनच! हरभरा डाळ पुरणाला आहे, दळायची नाही म्हणाल्या. काका तुम्ही हरलात.

मापात पाप
हरलो. तासगावचा अभिमान नडला.

विश्रामबागची सून
तेल सूर्यफुलाचं. मो. जि. विचारलं तर म्हणाल्या "लिहिलंय की" आणि पुढच्या विषयावर गेल्या. च. सा. विचारलं तर हसल्या, म्हणाल्या ते मी आल्यावर बघते, तू ती ओळ सोडून दे. म्हणजे मिरचीच असणार बहुतेक, का त्यांना चहासुद्धा मी आणलेला चालत नाही, देव जाणे.

अक्षरयात्री
चहा-साखरच आहे. पैज.